कॅमेऱ्यांना हवा पक्का पत्ता

हार्डवेअरच्या दुकानदाराने इंटरनेट कंपनीला ईमेल धाडला: ‘महोदय, दुकानातले चार कॅमेरे घरून पाहायचे आहेत. राउटरमध्ये पोर्ट उघडूनही काही दिसत नाही. कृपया स्थिर पब्लिक आयपी द्यावा.’

उत्तर आले: राउटर बंद करून चालू करा.

त्याने काय होणार? राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता `100.72` ने सुरू होत होता, बाहेर संकेतस्थळांना दिसणारा वेगळाच. म्हणजे कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइके बसवली होती. बाहेरून आलेली हाक कोणाकडे न्यायची, हे कंपनीच्या यंत्रालाच ठाऊक नव्हते.

दुसऱ्या ईमेलनंतर पत्ता मिळाला, अर्थात जादा भाड्याने. डीव्हीआरचा पासवर्ड मात्र कारखान्यातलाच राहिला. असेच पासवर्ड वापरून २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने लाखो उपकरणे बळकावली होती, त्यांत कॅमेरे आणि डीव्हीआरही होते.