नॉन-फॉलोअर काकू

ज्या बाईनं पंचवीस वर्षं एकाच गिरणीवर दळण टाकलं, उधारी वेळेवर चुकती केली, सुनेलाही तीच गिरणी दाखवली, तिला काय म्हणायचं? आपण म्हणू, पक्कं गिऱ्हाईक. इन्स्टाग्राम म्हणतं, नॉन-फॉलोअर. काकूंनी गिरणीच्या पानावर ‘फॉलो’चं निळं बटण दाबलेलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. उलट सुरतेच्या उधन्यात बसून रात्री दीड वाजता ते बटण दाबणारा, आयुष्यात कधी मिरची कुटून न घेतलेला पोरगा हा गिरणीचा फॉलोअर ठरतो.

ही गिरणी धुळ्याची. धुळ्यात गल्ल्यांना नंबर असतात, त्यामुळे पत्ता सांगायला सोपा. पण मी नंबर सांगणार नाही, कारण अशी गिरणी आता जळगावच्या नव्या पेठेत आहे, अमळनेरात आहे आणि चोपड्यातही आहे. तिचे मालक आप्पा आणि मालकांचा पुतण्या हे दोघे त्या सगळ्या गिरण्यांचे मिळून एक समजा, आणि पुढचे आकडेही हिशेब समजावा म्हणून मांडलेले समजा. दळणाबरोबर आप्पांकडे मिरची-मसाल्याचं कांडप आहे. नंदुरबारची मिरची बाजारात आली की होळीपासून पाऊस पडेपर्यंत त्यांचा सीझन. बाया देठ काढलेली, उन्हात वाळवलेली मिरची आणि घरी भाजलेला खडा मसाला घेऊन येतात, कांडपासमोर नाकाला पदर लावून बसतात आणि डोळ्यांदेखत कुटून नेतात. डोळ्यांदेखत हे महत्त्वाचं. आपल्या मिरचीत शेजारणीची मिसळेल या भीतीवर हा सगळा धंदा उभा आहे. सुरतेहून कुणी मिरची कुटायला धुळ्याला येत नाही.

टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणले. त्यानंतर कांडपावर कॅमेरा रोखला जाणं ही केवळ काळाची बाब होती. पुतण्यानं जळगावच्या एका रीलवाल्या भाऊंना गाठलं. भाऊंचं पॅकेज ‘रीचच्या गॅरंटी’सकट होतं. भाऊ आले, कांडपाच्या मुसळांचा दणदण आवाज टिपला, लाल भुकटी उडताना स्लो मोशन घेतलं आणि शेवटी पुतण्याला सलग सात शिंका आल्या, त्याही ठेवल्या. शिंकांखाली गाणं घातलं. रील उडालं.

आठवड्यानं भाऊंनी पीडीएफ पाठवली. व्ह्यूज ४२,०००. पोहोचलेली अकाउंट्स ३०,०००. फॉलोअर्स ३ टक्के, नॉन-फॉलोअर्स ९७ टक्के. या ९७च्या शेजारी हिरवा बाण होता आणि खाली लिहिलं होतं, ‘नवीन मार्केट’.

आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. “सत्त्याण्णव टक्का लोके आपले फॉलोच करतस नहीत? आपलं काय चुकनं?”

पुतण्या हसला. काका जुन्या जमान्यातले. त्यानं समजावलं की हीच तर कमाई. ओळखीचे तीन टक्के म्हणजे तीस हजारांतले नऊशे, बाकी एकोणतीस हजार शंभर नवीन गिऱ्हाईक.

आप्पांचं शिक्षण दहावी, पण रोजची खतावणी स्वतः लिहितात. “रील टाकं तवय आपला फॉलोवर चारशे दहाच व्हतात ना? मंग ह्या नऊशे कोठून उनात?”

भाऊंच्या पीडीएफला या प्रश्नानं जेवढं लागलं तेवढं कोणत्याही डिजिटल मार्केटिंगच्या क्लासात लागलं नसतं. पुतण्याची चूक अशी की, इन्स्टाग्रामच्या हल्लीच्या पडद्यावर फॉलोअर आणि नॉन-फॉलोअर ही टक्केवारी व्ह्यूजखाली येते. ती व्ह्यूजची वाटणी आहे, माणसांची नाही. ऑगस्ट २०२४ पासून इन्स्टाग्रामनं सगळीकडे व्ह्यूज हाच मुख्य आकडा केला, आणि व्ह्यू म्हणजे रील सुरू झालं की एक. तेच रील पुन्हा पाहिलं की आणखी एक. पोहोचलेली अकाउंट्स हा वेगळा आकडा, त्यात एक अकाउंट एकदाच धरतात. तेव्हा तीन टक्के काढायचे ते बेचाळीस हजारांचे: १,२६० व्ह्यूज. रील टाकताना फॉलोअर ४१०. म्हणजे प्रत्येक फॉलोअरनं पाहिलं असं धरलं तरी सरासरी तीन तीन वेळा पाहिलं. पुतण्याच्या मित्रमंडळानं शिंका पुन्हा पुन्हा पाहिल्या, याला नऊशे माणसं म्हणत नाहीत.

आणि अकाउंट म्हणजेही माणूस नव्हे. एका पोराची दोन अकाउंट्स असली तर तो दोन. कट्ट्यावर एका फोनभोवती सहा डोकी जमून पाहतात, ती मिळून एक. व्हॉट्सॲपवर डाउनलोड करून पाठवलेला व्हिडिओ बचतगटातल्या चाळीस बायांनी पाहिला, तर इन्स्टाग्रामच्या लेखी एकीनंही पाहिला नाही.

राहिले ते नॉन-फॉलोअर. या शब्दाचा अर्थ एवढाच की रील पाहणारं अकाउंट तुमच्या यादीत नाही. तो नवा आहे की जुना, गल्लीतला आहे की गुवाहाटीचा, हे त्या शब्दात कुठेच नाही. त्या ९७ टक्क्यांत काकूही आहेत, समोरचा मेडिकलवालाही आहे, आणि एकमेकांना शिंका पाठवणारी अर्धी कॉलेजंही आहेत. पाठवणारी हे मुद्दाम म्हटलं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की रील किती वेळ पाहिलं जातं, पोहोचलेल्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात, या तीन गोष्टी सर्वांत जास्त मोजल्या जातात. त्यातही अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायला पाठवणं जास्त कामाला येतं. शिंक पाठवण्यासारखी असते. कांडपाचा दर पाठवण्यासारखा नसतो, असं पुतण्याचं मत होतं.

गावं कुठली, हे पाहायला रीलच्या पडद्यावरून उठून अकाउंटच्या एकंदर इनसाइट्समध्ये जावं लागतं. तिथे तारखा निवडल्या की शहरांची यादी दिसते. भाऊंच्या पीडीएफमध्ये हे पान नव्हतं. हिरवा बाण काढायला जागा लागते. यादीत पहिलं सुरत, मग पुणे, नाशिक, मुंबई, आणि धुळं त्याच्याही खाली. यात आश्चर्य काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या खान्देशातली माणसं पोटासाठी सुरतेला गेली, आणि शिंका संपल्यावर रीलमध्ये आप्पांचं अहिराणीतलं एक वाक्य होतं, तेवढ्यावर ती हळवी झाली. कमेंटा वाचून आप्पांचेही डोळे ओलावले. मिरचीमुळे असेल. पण चौकात भोंगा लावला की थांबलेल्या एस.टी.तली माणसंही ऐकतात. ती उतरत नाहीत.

त्याच इनसाइट्समध्ये आणखी खाली, अंगठा दमेल इतकं खाली, एक गरीब बिचारा कोपरा असतो: प्रोफाइलला किती जणांनी भेट दिली, पत्त्यावर किती जणांनी टॅप केलं, फोनचं बटण किती जणांनी दाबलं. शिंकांच्या आठवड्यात दुसरं काहीच टाकलं नव्हतं, त्यामुळे हिशेब सरळ आहे. पोहोच तीस हजार. नवे फॉलोअर २६०. पत्त्यावर टॅप २. फोन ०.

पुढच्या आठवड्यात भाऊ सुटीवर गेले म्हणून आप्पांनीच रील केलं. गाणं नाही. फोन उभा धरायचा हेही सांगावं लागलं. कॅमेऱ्याकडे रागानं पाहत आप्पा अहिराणीत बोलले: किलोचा दर काय, मिरचीचे देठ काढून आणा, ओली आणाल तर कुटणार नाही, हळद शेवटी कुटतो, सोमवारी बंद, सकाळी नऊच्या आत आलात तर गर्दी नाही. व्ह्यूज १,१५०. पोहोच ७००. फॉलोअर ३८ टक्के, नॉन-फॉलोअर ६२. पुतण्यानं लाजेनं मान खाली घातली. रील काढून टाकू का, असंही विचारलं. पत्त्यावर टॅप १७, फोन ११. शेअर ४५. बाया एकमेकींना शिंक नव्हे, दर पाठवत होत्या.

सातशेंत सतरा आणि तीस हजारांत दोन. कुठलं रील चाललं हे ठरवायला यापुढे पदवी लागू नये, पण लागते, कारण भाऊ सुटीवरून परत आले आणि त्यांनी दुसऱ्या रीलला ‘लो परफॉर्मिंग’ म्हटलं. उपाय म्हणून पाचशे रुपये लावून बूस्ट करायचं ठरलं. प्रेक्षक कुठले, हे विचारणाऱ्या पडद्यावर ‘ऑटोमॅटिक’ आधीच निवडलेलं होतं. भाऊंनी ‘पुढे’ दाबलं. या ऑटोमॅटिकचा अर्थ, तुमच्या आत्ताच्या फॉलोअर्ससारखी माणसं शोधून दाखवणं. आत्ताचे फॉलोअर ६७०, त्यातले २६० शिंकांवर भाळलेले, बहुतेक बाहेरगावचे. आप्पांनी पाचशे रुपये भरून, सोमवारी धुळ्यातली गिरणी बंद असते ही बातमी सुरतेत पोचवली. नॉन-फॉलोअर ६२चे ८८ टक्के झाले. भाऊंनी त्यावरही बाण काढला. विकत घेतलेली पोहोच नॉन-फॉलोअरमध्ये भर घालणारच. जाहिरात लावतात ती त्यासाठीच. त्यात रीलचं कौतुक नाही, पाचशे रुपयांचं आहे. त्याच पडद्यावर आपलं ठिकाण देऊन भोवतालचे काही किलोमीटर निवडता येतात. देवपूर ते साक्री रोड एवढा घेर आप्पांना पुरला असता.

भाऊंची बाजू मांडायची तर, बाहेरगावची पोहोच प्रत्येकालाच फुकट जात नाही. कुरिअरनं बिबड्या, नागलीचे पापड, तयार मसाला पाठवणाऱ्या बाईला सुरतेचा नॉन-फॉलोअर म्हणजे खरोखर गिऱ्हाईक. जळगावच्या सराफाला लग्नसराईत पुण्याचा माणूसही चालतो. ज्याचा माल पोस्टानं जातो त्यानं ९७ टक्क्यांवर खुशाल नाचावं. पण ज्याच्या धंद्यात गिऱ्हाईकाला स्वतः समोर येऊन बसावं लागतं, मग ती गिरणी असो, सलून असो की सायकलीचं पंक्चर, त्याला आधी गाव आणि मग टक्के.

आप्पांनी शेवटी गल्ल्याजवळ खतावणीच्या मागच्या पानावर एक उभी रेघ मारली. आलेल्या बाईला विचारायचं, “व्हिडिओ पाहून आल्या का, ताई?” हो म्हणाली की टिंब. इथेही घोळ आहेच. काही जणी लाजून नाही म्हणतात, काही सूट मिळेल म्हणून हो म्हणतात, आणि एकीनं जाऊबाईंनी पाहून कळवलं असं सांगितलं, तेव्हा टिंब कुणाच्या नावावर टाकायचं यावर पुतण्याचा नि आप्पांचा वाद झाला. तरी या टिंबांना पत्ता होता.

तेव्हा दुकानदार मंडळी, कुणी नॉन-फॉलोअरच्या टक्क्यांचं बिल घेऊन दारात आलं तर त्याच्याच फोनवर शहरांची यादी उघडायला सांगा, आणि मग पत्त्यावरचे टॅप. यादीत आपलं गाव सापडत नसेल आणि टॅप शून्य असतील, तर चहा पाजा. बिल देऊ नका.