निवृत्त जामीन

खातं उघडताना आपण सगळेच घाईत असतो. ‘रिकव्हरी ईमेल’च्या रकान्यात सुचेल तो पत्ता ठोकायचा आणि पुढे जायचं. आमच्या शेजारच्या काकांनी तिथे ऑफिसचा पत्ता घातला होता. कंपनीइतका भक्कम जामीन दुसरा कोण? पुढे काका निवृत्त झाले, कंपनीने त्यांची मेलपेटी बंद केली, जामीन मात्र कागदोपत्री तसाच राहिला. परवा त्यांना जीमेलचा पासवर्ड आठवेना, तेव्हा गूगलने मोठ्या तत्परतेने कोड पाठवायची तयारी दाखवली. त्याच पेटीत.

भाचा म्हणाला, “मामा, मी इथून पुण्याहून करून देतो.” हे मात्र करू नये. अशा वेळी गूगल माणूस ओळखत नाही, त्याच्या सवयी ओळखतं. रोजचा संगणक, रोजचा ब्राउझर, घरचंच वायफाय. म्हणून काकांच्याच जुनाट संगणकापुढे बसलो आणि Try another way दाबत गेलो. आठवत असलेला शेवटचा पासवर्ड विचारला जातो. जुना का असेना, तो द्यावा, त्याचाही उपयोग होतो. काकांना सगळे पासवर्ड आठवत होते, फक्त त्यांचा क्रम आठवत नव्हता. थोड्या वेळाने गूगलने नंतर या म्हणून वाटेला लावलं.

मग सुचलं, की पेटी गेली तरी कंपनी आहे आणि डोमेन तिच्याच ताब्यात आहे. म्हणजे तिथला आयटीवाला तोच पत्ता पुन्हा उघडू शकतो. काकांनी जुन्या ऑफिसात फोन लावला, वरिष्ठांची परवानगी निघाली आणि त्या मुलाने पत्ता तासाभरासाठी जिवंत केला. कोड आला. “ओटीपी कुणालाही सांगू नका” हे बँकेचं वाक्य पाठ असलेल्या काकांना, आज आपल्यालाच कुणीतरी तो सांगतंय याची गंमत वाटली.

फुकटच्या पेट्यांचं असं नसतं. काही कंपन्या बंद पडलेला पत्ता नव्या गिऱ्हाइकाला देऊन टाकत. 2009 मध्ये ट्विटरच्या एका कर्मचाऱ्याचं जीमेल असंच फुटलं. त्याचा जामीन म्हणजे एक बंद पडलेला हॉटमेलचा पत्ता. ‘हॅकर क्रोल’ नावाने वावरणाऱ्या एकाने तो स्वतःच्या नावावर घेतला आणि पासवर्ड बदलायची लिंक अलगद त्याच्या हातात पडली. मेलेल्या पत्त्यापेक्षा पुन्हा जिवंत झालेला पत्ता जास्त वाईट.

खातं उघडताच काकांना आधी जुना पत्ता काढायला लावला. पण बदल केल्यावरही गूगल आठवडाभर जुन्या पत्त्यावर कोड पाठवायची सोय ठेवू शकतं, म्हणून खात्यावर लक्ष ठेवायलाही सांगितलं. नवा जामीन कोण? काका म्हणाले, “हिचा पत्ता घालू.” काकूंच्या खात्याचा रिकव्हरी पत्ता उघडून पाहिला, तर तिथे काकांचाच जीमेल होता. शेवटी दोघांनीही आपापला मोबाइल नंबर दिला.