लिंक एकच आहे, साहेब

माननीय क्रिएटिव्ह डायरेक्टर साहेब यांस,



एडिटर हवा म्हणून आपल्या एजन्सीने टाकलेली जाहिरात वाचली. मातीशी नाळ असलेला, सिनेमॅटिक नजरेचा आणि रात्री अकराला फोन उचलणारा, अशा तीन अटी आहेत. मी कामशेटला राहतो, त्यामुळे पहिली अट आपोआप पुरी होते. जून ते सप्टेंबर इथली माती बुटाला, गाडीला आणि अधूनमधून कीबोर्डलाही लागलेली असते. तिसरीचं शेवटी बोलू. ‘बेस्ट वर्क पाठवा, फक्त लिंक’ असं आपण लिहिलंत, म्हणून लिंक पाठवतो आहे. एकच. ती एकच का, हे सविस्तर लिहितो, कारण आपल्याला वेळ नसतो आणि वेळ नसलेल्या माणसाला पत्र लांबच लिहावं लागतं.

शोरील नाही का, असं आपण विचाराल. आहे ना! एक मिनिटाचं आहे. त्यात लोहगडाच्या विंचूकाट्यावरून घेतलेला ड्रोन आहे, टायगर पॉइंटच्या धुक्यात घेरदार गाऊन सावरणारी नवरी आहे, पवनेच्या काठचे तंबू आहेत आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला एक कट आहे. ते पाहून आपल्याला एवढंच कळेल की कॅमेरावाला बरा होता, ड्रोनची बॅटरी भरलेली होती आणि मावळात जुलैमध्ये पाऊस पडतो. एडिटरविषयी काहीच कळणार नाही. भाज्याच्या लेण्यांसमोर त्या दिवसांत कोणीही मोबाइल सरळ धरला तरी फ्रेम चांगलीच येते, आणि ठोक्यावर कुठे कापायचं हे ढोलवाल्यानेच ठरवून ठेवलेलं असतं. वेगवेगळ्या कामांतले सर्वांत देखणे दोन-दोन सेकंद एकापुढे एक लावले की कुठल्या कामात काय अडलं होतं आणि मी ते कसं सोडवलं, याचा मागमूस उरत नाही. आपण नेमकं तेच विकत घेणार आहात, असा माझा समज आहे.

तेव्हा लिंकविषयी. शेतकऱ्यांच्या एका गटाने इंद्रायणी तांदूळ थेट गिऱ्हाइकाला विकायचं ठरवलं. त्यांच्यासाठी केलेली ही दोन मिनिटं चाळीस सेकंदांची फिल्म. चित्रीकरण दुसऱ्याचं, ड्रोन तिसऱ्याचा, रंगकाम चौथ्याचं. माझं काम फक्त एडिट आणि आवाजाची मांडणी. हे लिंकखाली लिहिलेलंही आहे. ते वाचायची पद्धत नाही हे ठाऊक आहे, म्हणून इथेही लिहिलं.

गटाने दिलेल्या संहितेत पहिलं वाक्य होतं की हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांपर्यंत आला. माहिती खरी आहे, अभिमानाची आहे, आणि पहिल्या पाच सेकंदांत ऐकवली तर बघणारा उठून चहा टाकायला जातो. ती मी शेवटच्या पाटीवर नेली. सुरुवात केली पॉवर टिलरच्या आवाजाने. मुलाखत देणाऱ्या मावशी खाचराच्या बांधावर उभ्या, शेजारच्या खाचरात चिखलणी चाललेली, आणि टिलरच्या धडधडीत त्यांचे शब्द निम्मे बुडालेले. सगळ्यांचं म्हणणं पडलं की आवाज साफ करा. नॉइज काढायचं सॉफ्टवेअर फार ओढलं की माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो, कारण यंत्राच्या आणि माणसाच्या आवाजाच्या काही पट्ट्या एकच असतात. एक कापली की दुसरी जाते. म्हणून मी टिलर लपवला नाही, उलट पुढे आणला. पहिले तीस सेकंद फक्त चिखल, फाळ आणि ती धडधड. एकतिसाव्या सेकंदाला यंत्र बंद होतं. ते खरंच बंद झालं होतं, डिझेल संपलं म्हणून. मग दोन सेकंद नुसता पाऊस, आणि त्यावर मावशींचा आवाज. चेहरा अजून दिसत नाही. आवाज अर्धा सेकंद आधी येतो, चेहरा मागून. डिझेल संपल्यानंतर त्या जे मोकळेपणाने बोलल्या तेवढंच ठेवलं. धडधडीत ओरडून सांगितलेलं सगळं गेलं, त्यात गटप्रमुखांची स्तुतीही गेली. त्यांनी ते अजून मनावर घेतलेलं आहे.

आपल्याला पूर्ण बघायला वेळ नसेल, तर १:१२ ते १:३२ एवढंच बघा. मावळातलं धुकं एडिटरचा वैरी आहे, हे मुंबईत बसून लक्षात येत नाही. मावशी रोपांची जुडी सोडतात तेव्हा मागे विसापूर स्पष्ट दिसतो. त्याच मावशी, तोच बांध, तेच बोलणं, पण कॅमेरा जागा बदलून उभा राहीपर्यंत किल्ला गायब. हे दोन शॉट एकमेकांना चिकटवले तर बोलणं सलग ऐकू येतं आणि डोंगर मात्र क्षणात नाहीसा होतो. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण तो बोलण्यातून बाहेर पडतो. रंगकाम करून किल्ला परत आणता येत नाही, कारण तो त्या शॉटमध्ये नाहीच. मी मध्ये हात घातले. चिखलात दोन बोटांनी रोप रोवणारे हात, अगदी जवळून, सहा सेकंद, मागे फक्त पाणी. पहिल्या तीन सेकंदांत मावशी आधीचंच वाक्य पुरं करतात, पुढच्या तीनमध्ये नवं सुरू होतं. चेहरा परत येतो तेव्हा मागे धुकं आहे आणि ते कुणाला खटकत नाही, कारण हातांकडे बघताना वेळ गेलेला असतो. हातांचे शॉट दिसायला अगदी साधे आहेत. शोरीलमध्ये त्यांना कुत्रंही विचारणार नाही.

गिरणीतला प्रसंग फिल्ममध्ये जवळजवळ नाही, तो का नाही हेही सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गिरणीतली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर साठांश सेकंद, असं परदेशी सेटिंग ठेवून शूट केलं की भिंतीवर पट्टे सरकायला लागतात. शटर पन्नासांश किंवा शंभरांश ठेवलं असतं तर काम झालं असतं. नंतर सॉफ्टवेअरने पट्टे थोडे पुसता येतात, पण माणूस हलला की त्याच्याबरोबर डागही हलतो. मी गिरणीतले फक्त दाराजवळचे, दिवसाच्या उजेडातले दोन शॉट घेतले. तांदूळ पोत्यात पडताना दिसतो, तेवढं पुरे.

ड्रोनही आहे, घाबरू नका. २:२६ ला, चार सेकंद. सगळे तो पहिल्यांदा दाखवतात. मी शेवटी ठेवला, कारण तोवर आपण रोपं लावणाऱ्या बायकांना जवळून पाहिलेलं असतं आणि वरून दिसणाऱ्या ठिपक्यांतला मावशींचा ठिपका कुठला हे ओळखू येतं. सुरुवातीला दाखवला असता तर ती हिरवी चादर झाली असती, आणि हिरव्या चादरी आपल्याकडे लोणावळ्याच्या प्रत्येक बंगल्याच्या जाहिरातीत आहेत.

एका कामावरून माणूस कसा जोखायचा, असं आपण म्हणाल. तर आमच्या भागातल्याच एका गृहस्थांचा दाखला देतो. कामशेटच्या अलीकडचं स्टेशन मळवली. तिथे राजा रविवर्म्यांचा छापखाना होता, आणि त्या छापखान्यासाठी काम केलेल्या एका कारागिराने पुढे लोणावळ्यात स्वतःचा छपाईचा धंदा थाटला. धुंडिराज गोविंद फाळके त्यांचं नाव. १९१२ साली ते लंडनमध्ये कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले तेव्हा हातात पैसा नव्हता आणि सिनेमा काढायचा होता. भांडवल देणाऱ्यांना त्यांनी काय दाखवलं? मुंबईची रमणीय दृश्यं नाहीत. एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि अंतराअंतराने एकेक फ्रेम घेत गेले. मधले सगळे तास गाळले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ त्याचं नाव. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या फिल्मवर लोकांनी भाळावं असं वाटाण्यात काही नाही. सावकाराला शंका एकच होती, हे यंत्र या माणसाला चालवता येतं का, आणि फाळक्यांनी त्या शंकेएवढीच फिल्म केली. आपली माझ्याविषयीची शंकाही एकच असणार: अडलेलं फुटेज हातात दिलं तर हा काय करेल. तिच्याएवढी लिंक मी जोडली आहे.

लिंक उघडेल. ती ‘प्रायव्हेट’ नाही, ‘अनलिस्टेड’ आहे. म्हणजे आपल्याला परवानगी मागावी लागणार नाही आणि मलाही आपली मेल पाहून परवानगी द्यायला रात्री उठावं लागणार नाही. माझ्या खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहिली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली नाही, कारण तिथे व्हिडिओ दाबला जातो आणि त्या दाबण्यात सर्वांत आधी मरतं ते धुकं. करड्या रंगाच्या हलक्या छटा एकमेकींत मिसळायच्या ऐवजी पायऱ्या-पायऱ्या दिसतात. त्यावर तोडगा म्हणून चित्रात किंचित दाणा घातला आहे आणि फिल्म फोर-केमध्ये चढवली आहे, कारण मोठ्या आकाराला यूट्यूब जास्त डेटा देतं. आपण बघताना आवाज बंद ठेवाल हे गृहीत धरून मावशींचं बोलणं खाली अक्षरांतही आहे. पण १:१२ पासून वीस सेकंद तरी आवाज लावा, निम्मं काम तिथेच आहे. शनिवारी आपण पवनेच्या व्हिलाकडे निघालात आणि बोरघाटात गाडी अडकली, तर अख्खी फिल्म निवांत बघून होईल. फक्त बोगद्याच्या आधी सुरू करू नका.

‘छोटी टेस्ट’ म्हणून कच्चं फुटेज पाठवणार असाल तर जरूर पाठवा, सोबत त्याचा दरही कळवा. मागे एका ठिकाणी दिलेली माझी टेस्ट पुढे त्यांच्या ग्राहकाच्या पानावर माझ्याआधी पोचली होती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कामशेटचा एक एडिटर

ता. क. रात्री अकराला फोन उचलतो. तो दुरुस्तीच्या फेरीत धरला जातो. दरात दोन फेऱ्या आहेत. ‘लोगो थोडा मोठा करा’ ही पहिली, ‘आता थोडा लहान करा’ ही दुसरी.