बांगड्याची बदनामी

एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी करपलेला बांगडा निवडला, कारण सुगिमुरा यांच्या जपानी चमूने १९७०च्या दशकात करपलेल्या माशांत उत्परिवर्तक द्रव्यं शोधली होती आणि आमच्या मालवणी घरात बांगडा नेहमी थोडा करपतोच. चाचणी एम्सची. साल्मोनेलाचा टीए९८ हा वाण हिस्टिडिन स्वतः बनवू शकत नाही. हिस्टिडिन नसलेल्या आगारवर तो उपाशी मरतो. त्याच्या बिघडलेल्या जनुकात पुन्हा बदल होऊन ते दुरुस्त झालं, तरच वसाहत दिसते. द्रव्य उत्परिवर्तक असेल तर अशा वसाहती वाढतात.

अठ्ठेचाळीस तासांनी थाळ्या काढल्या. नुसतं द्रावक घातलेल्या थाळ्यांवर २८, ३१, ३४, म्हणजे सरासरी ३१. या वाणात आपोआप एवढ्या होतातच. करपलेल्या बांगड्याच्या अर्काच्या वाढत्या मात्रांना ७४, ९६, १३१. दुपटीचा नियम पार, मात्रेबरोबर चढही! मी लगेच घरी फोन केला, "आई, बांगडा बंद!" आईने निमूट ऐकलं. इतकं निमूट की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मार्गदर्शक मॅडमनी वसाहतींकडे पाहिलंच नाही. थाळी उजेडात धरून म्हणाल्या, "लॉन बघितलंस का?" वरच्या आगारमध्ये आपण चिमूटभर हिस्टिडिन घालतो, त्यावर सगळे जिवाणू दोनचार पिढ्या वाढून फिकट साय धरतात. तेच लॉन. द्रव्य विषारी असेल तर ती विरते. माझी मात्र दह्यावरच्या सायीसारखी जाड होती. बांगड्याच्या मांसात मोकळं हिस्टिडिन भरपूर असतं. मी उपाशी ठेवायच्या जिवाणूंना मेजवानी दिली होती. पिढ्या वाढल्या, म्हणून आपोआप होणारे बदलही वाढले. वसाहती खऱ्या होत्या, गुन्हा खोटा. त्या उचलून हिस्टिडिनविना पुन्हा वाढवल्या असत्या तरी त्या उगवल्याच असत्या, त्यामुळे ती तपासणीही मला वाचवणार नव्हती.

"आणि यकृताचा अर्क न घालताही आकडे तेवढेच?" मॅडमनी विचारलं. करपल्याने होणारी ती द्रव्यं यकृतातल्या विकरांनी बदलल्यावरच डंख मारतात, म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क घालतात. अर्काविना तेवढेच आकडे, हे मी वहीत लाल शाईने 'अधिक जोरदार पुरावा' म्हणून नोंदवलं होतं. कच्चा बांगडा तर तपासलाच नव्हता. तपासला तेव्हा वसाहती ११८!

मग अर्क राळेच्या नळीतून काढला, हिस्टिडिन वाहून गेलं. कच्च्याला ३०. करपलेल्याला, यकृताच्या अर्कासह, ५२: द्रावकाच्या वर, पण दुपटीच्या खाली. मॅडमनी शेजारी लिहिलं, 'अनिर्णित'.

आईला कळवायला फोन केला. ती म्हणाली, "बंद कसला? तू होस्टेलवर, तुला काय कळतंय!"