आपलं वळ काय?

अकोटहून पुण्यात एका विमा ऑफिसात चिकटलो तेव्हा आईनं ठेच्याची बरणी बांधून दिली होती. 'राहिलो' मात्र मी न सांगता घेऊन आलो. ठेचा आठवड्यात संपला.

आमच्या वऱ्हाडात माणूस जेवत नाही, जेवून राहतो. येत नाही, येऊन राहतो. पुण्यात 'राहिलं' म्हणजे करायचं बाकी. त्यामुळे साहेबांनी फाइलीचं विचारलं की मी तत्परतेनं 'करून राहिलो सर' म्हणायचो आणि ते कपाळाला हात लावायचे, 'अजून राहिलंच का?' एकदा बसमधून फोनवर 'येऊन राहिलो' म्हणालो, तर मी पोचलोय असं समजून त्यांनी शिपायाला माझ्या शोधात दोन्ही मजले आणि खालची चहाची टपरी पालथी घालायला लावली, आणि तासाभरानं मी घामाघूम होऊन उगवलो तेव्हा अख्ख्या ऑफिसनं एका सुरात विचारलं, 'काय, बसून राहिले का?' मी उभा होतो.

त्याहून अवघड प्रकरण 'ळ'चं. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, केळीची केयी. जिभेचं टोक मागं वळवून टाळूला टेकवायचं आणि पुढं झटकायचं, एवढंच काम. पण माझी जीभ लहानपणापासून सपाट लोळणारी. शेजारच्या टेबलावरचा कोल्हापूरकर रोज डब्यातलं केळ नाचवत विचारायचा, 'बावा, हे काय हाय?' सगळ्यात मोठ्यानं तोच हसायचा, कारण मी येईपर्यंत ऑफिस त्याच्या 'जेवलासा काय?'वर हसत असे. माझ्यामुळं त्याला बढती मिळाली होती.

मग मी न्हाणीघरात बादलीच्या आवाजाआड 'काळा कावळा' घोकायला लागलो. जीभ वर गेली खरी, पण खाली यायला तयार होईना. लिहिताना कधी चुकलो नाही. बोलायच्या घाईत मात्र कुठला 'य' जन्माचा आणि कुठला 'ळ'च्या जागी येऊन बसलेला, हे तिला उमगेना, म्हणून तिनं सरसकट सगळेच सुधारले. 'काकू, तुमची सगळी सोळ होईल,' असं एका बाईंना आश्वासन दिलं आणि फॉर्म पुढं ओढून अदबीनं विचारलं, 'आपलं वळ काय?' त्यांनी पदर सारखा केला आणि साहेबांची केबिन गाठली.

काही महिन्यांनी जीभ बरीच ताळ्यावर आली. अशात दर्यापूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हप्त्याबद्दल फोन आला. आवाज ऐकूनच जीव सुखावला. पण तोंड उघडलं तर आतून 'आपण कृपया पॉलिसी क्रमांक सांगता का?' असलंच निघत गेलं. मी पाच मिनिटं मुदत, दंड, सवलत समजावत होतो. पलीकडं शांतता. मग आवाज आला, 'सायेब, तुमच्याइथं कोनी मराठी बोलनारं हाये काय? त्याले द्या बरं फोन.'

मी कोल्हापूरकराला दिला.