पाणी तपकिरी करण्याची विद्या
(बेळ्ळंदुरात दारोदार जलशुद्धी यंत्रं विकू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

बेळ्ळंदुरात दारोदार विक्री करायची तर पहिली अडचण अशी की इथे दार सापडत नाही. दारं हजारोंनी आहेत, पण ती सगळी एका मोठ्या फाटकाच्या आत, आणि फाटकाशी निळा शर्ट घातलेला, आसाम किंवा ओडिशाकडून आलेला एक पोरगा मोबाइल घेऊन बसलेला असतो. ‘कुठे?’ एवढंच विचारतो. १९८२ साली युरेका फोर्ब्सने व्हॅक्यूम क्लीनर घरोघरी नेऊन विकायला सुरुवात केली, तेव्हाच्या टायवाल्या विक्रेत्याला जिना चढून सरळ बेल दाबता यायची. तुमच्या नशिबी आधी फ्लॅट नंबर सांगणं आलं. मग वर कुणाच्या तरी मोबाइलवर ‘मायगेट’ची सूचना वाजणार, आणि वरची बाई पोळी उलथता उलथता अंगठ्याने तुमचं भवितव्य ठरवणार.

नवशिक्याला इथे हमखास एक युक्ती सुचते. कुठल्यातरी डब्यावर ‘डिलिव्हरी’ असं लिहून आत शिरायचं, किंवा एका फ्लॅटची परवानगी घेऊन बाकीचे तीस फ्लॅट फिरायचे. युक्ती चालते, साधारण सकाळी साडेअकरापर्यंत. मग सातव्या मजल्यावरचं कुणीतरी खाली फोन करतं, गार्डला शिव्या बसतात, आणि संध्याकाळपर्यंत तुमचा फोटो त्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात पोचतो. शेजारच्या सोसायट्यांचे चिटणीस एकमेकांना ओळखतात, हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फाटकावर कळतं. मला असंच कळलं.

सरळ रस्ता कंटाळवाणा आहे, म्हणून तो कुणी शिकवत नाही. असोसिएशनच्या कार्यालयात जायचं, कंपनीचं पत्र आणि ओळखपत्र दाखवायचं आणि रविवारी क्लबहाउसपाशी टेबल लावण्याची परवानगी मागायची. काही सोसायट्या त्याचं भाडं घेतात, काही नुसतीच मान हलवतात. टेबलाशी जे येऊन विचारतील त्यांच्याच घरी, त्यांनी दिलेल्या वेळेला जायचं. यात सौजन्याचा भाग कमी, कायद्याचा जास्त. थेट विक्रीच्या जाळ्यात काम करणाऱ्यांसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये नियम निघाले. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय किंवा संमती मिळाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही, असं त्यांत लिहिलंय. बोलायला लागताच आपण कोण, कुठल्या कंपनीचे आणि कशासाठी आलो, हे खरं सांगायचं, असंही. ‘पाण्याचा सर्वे करतोय’ हे त्यात बसत नाही. आपण जाळ्यात असू की पगारावर, हे वागणं धरलेलं बरं, कारण सर्वेवाला म्हणून आत आलेल्या माणसाने पिशवीतून किंमतपत्रक काढलं की बाईंचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलंय.

भाषेचं थोडक्यात सांगतो. मी निपाणीचा, त्यामुळे माझी कन्नड ‘एन्री, बेकेन्री’ थाटाची. इथले लोक ती ऐकून हसतात, पण हसलेला माणूस दार लावत नाही. ‘अम्मा, ओंदु निमिष’ एवढं पाठ करा. उत्तरादाखल ‘बेडा’ आलं तर तो नकार आहे. ‘बेडाऽऽ’ असं लांबलं तरीही नकारच, चढत्या सुरात गायलं म्हणून त्याचा होकार होत नाही.

आता विद्येकडे. कंपनीने तुम्हाला एक छोटं यंत्र दिलं असेल. खाली दोन जोड सळया लोंबतात, वर वायर, आणि वायर थेट भिंतीच्या प्लगमध्ये जाते. एका ग्लासात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आपल्या यंत्रातलं आरओचं पाणी घ्यायचं. सळया बुडवून बटण दाबलं की मिनिटाभरात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी होतं आणि वर गाळ तरंगायला लागतो. दुसरा ग्लास जवळजवळ तसाच राहतो. ‘बघा ताई, तुमची मुलं हे पितात.’ या वाक्यावर आमच्या तुकडीतल्या एकाने स्कूटर घेतली.

त्या तपकिरी रंगाचं मूळ पाण्यात नसतं, सळईत असतं. प्रत्येक जोडीतली एक सळई लोखंडाची. वीज वाहिली की ती झिजते, तिचं लोखंड पाण्यात उतरतं आणि गंजासारखा गाळ बनतो. दुसरी सळई ॲल्युमिनियमची, तिच्यापासून पांढरट फेसाळ चोथा होतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात, क्षार वीज वाहून नेतात, म्हणून तिथे सळई भराभर झिजते. आरओच्या पाण्यात क्षार फार थोडे, वीज जेमतेम वाहते, म्हणून सळई शाबूत आणि पाणी स्वच्छ. पिण्याला उत्तम असलेलं, क्षारयुक्त झऱ्याचं पाणीही या खेळात चिखल होऊन निघेल. थोडक्यात हे यंत्र पाण्यातली घाण दाखवत नाही, स्वतःची घाण पाण्यात सोडतं. शिवाय उघडी सळई, ओला ओटा आणि घरातली वीज एकत्र आल्यावर काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको.

हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. बी ब्लॉकमधल्या सातशेचार नंबरच्या काकूंनी सांगितलं. मुलाकडे राहायला आलेल्या, इचलकरंजीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या. मी मराठी आहे कळल्यावर चहा टाकला, प्रयोग पुरा पाहिला आणि म्हणाल्या, ‘छान. आता दोन्ही ग्लास ओत आणि पुन्हा कर. तुझ्या शुद्ध पाण्यात मी चिमूटभर मीठ टाकते.’ मी म्हटलं, काकू, कशाला? ‘अरे, मीठ काय घाण असतं का? आमटीत टाकतोच की.’ टाकलं. बटण दाबलं. माझं शुद्ध पाणी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर काळपट झालं. काकूंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. ‘यात नको बुडवूस,’ म्हणाल्या.

मग विकायचं काय आणि कसं? खिशात टीडीएस मीटर असतोच, तो ठेवा, पण त्याची औकात ओळखा. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. जंतू त्याला दिसत नाहीत. नळाचं पाणी गाळाने गढूळ असलं तरी आकडा छान येऊ शकतो. सांडपाणी मिसळलेलं पाणीही १८० दाखवेल आणि पोट बिघडवेल.

एक खरी फेरी सांगतो. पहिल्या घरी मीटर २१० वर थांबला. तिथे कावेरीचं पाणी येत होतं (ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाल्यापासून या भागातल्या बऱ्याच वस्त्यांच्या तोंडी कावेरीचं नाव आहे). भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने तर ५०० च्या खाली जिथे पाणी आहे तिथे आरओला मनाई करा, असं सरकारला सांगितलं, कारण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, आणि बेळ्ळंदुरात उन्हाळ्यात ते पाणी टँकरने विकत घेतलेलं असतं. अशा घरी सांगायचं, ‘ताई, तुम्हाला आरओची गरज नाही. जंतूंची भीती असेल तर गाळणी आणि यूव्ही पुरे.’ त्यात तुमचं कमिशन पडतं, हे खरं आहे.

दुसऱ्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं मिश्र पाणी, मीटरवर ८४०. इथे आरओ विकणं रास्त. पण बाई म्हणाल्या, ‘आमच्याकडे सोसायटीचा सॉफ्टनर आहे, तरी एवढे कसे?’ बरेच विक्रेते इथे सॉफ्टनर बिघडलाय असं ठोकून देतात. तो बिघडलेला नसतो. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. म्हणून नळावर पांढरा थर बसत नाही, गीझर वाचतो, पण एकूण क्षार जवळजवळ तेवढेच राहतात. हे समजावायला चार मिनिटं लागली. मग त्यांनी विचारलं, ‘वर्षाचा खर्च किती?’ इथे नवशिक्याची जीभ अडखळते. यंत्राची किंमत तो घडाघडा सांगतो, पण गाळण्या दरवर्षी बदलाव्या लागतात आणि मेम्ब्रेन दोन-तीन वर्षांत, ८४० च्या पाण्यात आधीही, हे आधी लिहून द्यायला विसरतो. माल परत करण्याची मुदत किती, हेही त्याच कागदावर लिहा. मी लिहून दिलं. त्यांनी कागद फ्रिजवर लोहचुंबकाने लावला आणि दहा दिवसांनी यंत्र घेतलं.

तलावाचा फोटो मात्र दाखवू नका. बेळ्ळंदूर तलावावरचा पांढरा फेस आणि फेब्रुवारी २०१७ मधली त्यावरची आग सगळ्यांनी पाहिलीय, आणि फोटो पुढे केला की आया घाबरतात. तो फेस सांडपाण्यातल्या साबणाचा. तुम्ही तोंडाने खोटं एक अक्षर बोललेलं नसतं, पण या नळातून तो तलाव येतो असं त्यांना वाटायला लावलेलं असतं.

नकाराबद्दल. उघड नकार सोपा, ‘थँक्यू’ म्हणून लिफ्टकडे वळायचं. अवघड असतो तो ‘साहेब घरी नाहीत, नंतर या’ हा. त्याची परीक्षा एका प्रश्नात होते. ‘कुठल्या दिवशी येऊ?’ वार सांगितला तर खरंच या. ‘बघते, फोन करते’ आलं तर वहीत फुली मारा आणि त्या बेलला पुन्हा हात लावू नका. घरात फक्त आजोबा किंवा कामाच्या मावशी असतील तर पावतीपुस्तक पिशवीतून बाहेरच काढू नका. सही मिळेल, पण संध्याकाळी मुलगा ती रद्द करून घेईल, आणि फाटकावरचा पोरगा पुढच्या वेळी तुम्हाला ओळखेल.

फुल्यांची वही रोज संध्याकाळी इब्लूरच्या टपरीवर बसून भरायची सवय ठेवा. माझ्या वहीत अजून आहे: ‘बी-७०४. काकू. यंत्र आहे, नको म्हणाल्या. ग्लास घासून द्यायला लावला. सळया नेऊ नयेत, मीठ मागतात.’