श्री. दहाटक्के यांना उत्तर

खारघर असो, उलवे असो की घणसोली, नव्या टॉवरला ओसी मिळाली की एक श्री. दहाटक्के तिथे राहायला येतातच. आडनाव मी ठेवलेलं आहे. पण ज्या यादीत सहस्रबुद्धे आणि दहातोंडे सुखाने नांदतात, तिथे यांनाही कोणी हरकत घेऊ नये. गृहस्थ वाईट नाहीत, हे आधीच सांगतो. इंटीरियरचं काम चालू असताना सुतारांना चहा देतात, सोसायटीची एनओसी स्वतः आणतात आणि दुपारी दोन ते चार ड्रिल बंद ठेवण्याच्या नियमावरून सेक्रेटरीशी भांडतात, तेही सुताराच्या बाजूने. हप्ते वेळेवर देतात. फक्त शेवटच्या हप्त्याचं बिल गेलं की रात्री पावणेबाराला कॉन्ट्रॅक्टरच्या फोनवर मजकूर उमटतो: ‘काम झकास झालंय. येणारा जाणारा विचारतो, कोणी केलं. मात्र त्या शटर्सच्या प्रकरणात आम्हाला अतोनात मनस्ताप झाला. तरी टोटलवर दहा टक्के कमी करावेत, ही विनंती.’ खाली जोडलेले हात. मग पाच मिनिटांनी, पूर्वसूचना न देता, उघड्या ओट्याचे सात फोटो.

प्रकरण काय होतं ते नीट पाहू, कारण असल्या भांडणात मूळ प्रकरणच कोणी नीट पाहत नाही. समजा टू बीएचकेचं काम आहे, आठ लाख अधिक अठरा टक्के जीएसटी. हप्ते दहा, चाळीस, चाळीस आणि शेवटी दहा टक्के. पलंग, कपाटं, टीव्ही युनिट, फॉल्स सिलिंग सगळं ठरल्याप्रमाणे झालं. किचनची चार शटर्स मात्र बसवताना लक्षात आलं की बाकीच्यांपेक्षा त्यांचा रंग अर्धी छटा पिवळट आहे. लॅमिनेटचा कोड तोच, लॉट वेगळा. कोडवर विसंबून मागाहून दोन शीट आणल्या की हे होतं. जुनी आणि नवी शीट खिडकीच्या उजेडात शेजारी धरून पाहायला अर्धं मिनिट लागतं आणि ते अर्धं मिनिट कोणी दिलं नव्हतं. चूक कॉन्ट्रॅक्टरची, यात वाद नाही. शटर्स तुर्भ्याच्या कारखान्यात परत गेली आणि नवी येऊन बसली ती वास्तुशांतीनंतर तीन दिवसांनी. म्हणजे पूजेच्या दिवशी गॅस चालू होता, दूध व्यवस्थित उतू गेलं, जेवण केटररचंच होतं. पण ओट्याखालचे चार कप्पे उघडे होते आणि आत तेलाचा डबा, जुना कुकर व वर्तमानपत्रांची रद्दी नांदत होती. ते पाहून नात्यातल्या एका आत्याबाई चाळीस माणसांत म्हणाल्या, ‘हल्ली असं उघडंच ठेवायची फॅशन आहे का गं?’ दहाटक्के यांच्या मनस्तापाचं उगमस्थान हे वाक्य आहे. शटर्स हे केवळ निमित्त.

आता दहा टक्केच का? चार शटर्सची किंमत दहा टक्के नाही, आत्याबाईंच्या वाक्याची तर किंमतच कोटेशनमध्ये नाही. दहा टक्के एवढ्यासाठी की शेवटचा हप्ता दहा टक्क्यांचा आहे. हप्ता पाच टक्क्यांचा असता तर मनस्तापही पाचच टक्के झाला असता, असं मला ठामपणे वाटतं. माझा सगळा मुद्दा इथेच आहे. चुकीला स्वतःचं माप असतं आणि ते चुकीच्या जागीच मोजावं लागतं. ते पूर्ण कामाच्या टक्क्यांत मांडलं की निर्दोष पलंगालाही शटर्सचा दंड बसतो. मात्र दहाटक्के खोटं बोलतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल काहनेमान यांनी कोलोनोस्कोपीच्या रुग्णांचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीभर दर मिनिटाला वेदना किती, हे रुग्ण सांगत होते. नंतर एकूण त्रास किती झाला असं विचारल्यावर त्यांच्या आठवणीचा मेळ बसला तो सर्वांत तीव्र क्षणाशी आणि अखेरच्या मिनिटांशी. तपासणी किती वेळ चालली याला आठवणीत जवळजवळ जागाच नव्हती. घराच्या कामात हे दोन्ही क्षण एकाच आठवड्यात येतात. अडीच महिने सुरळीत गेले हे दहाटक्के यांना पाठ असतं, पण आठवते ती वास्तुशांत. त्यामुळे उत्तरात ‘बाकीचं काम किती चांगलं झालं ते बघा ना’ असं लिहिण्यात काही अर्थ नाही. ते त्यांनी आपल्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: मनस्ताप खरा असेल तर त्याची भरपाई का नको? 1872 च्या करार कायद्याचं कलम 73 इथे उपयोगी पडतं. करार मोडल्याने स्वाभाविकपणे जे नुकसान होतं, किंवा असं नुकसान होऊ शकतं हे करार करतानाच दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, तेवढ्याचीच भरपाई मिळते. दूरान्वयाच्या नुकसानाची मिळत नाही. हा विचार 1854 च्या एका इंग्लिश खटल्यातला. ग्लॉस्टरच्या पिठाच्या गिरणीचा मोडलेला दांडा पोचवायला वाहतूकदाराला उशीर झाला आणि गिरणी बंद राहिली. पण दांड्यावाचून गिरणी बंद पडेल हे त्याला सांगितलेलं नव्हतं, म्हणून बुडालेला नफा त्याच्या माथी आला नाही. आता कॉन्ट्रॅक्टरने प्रामाणिकपणे स्वतःला विचारावं, मुहूर्त आपल्याला ठाऊक होता का? होता. पत्रिकेचा फोटो पहिल्या महिन्यातच आला होता आणि आपण त्याला अंगठा दाखवला होता. कायद्याच्या काट्यावर पाहिलं तर करार करताना माहीत असणं आणि नंतर कळणं यात फरक आहे. पण पत्रिकेला अंगठा दाखवणाऱ्याने त्या फरकाआड लपू नये. शिवाय ग्राहक कायद्यात मानसिक त्रासाची भरपाई मान्य आहे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या 1993 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणून ‘शटर्स बदलून दिली, विषय संपला’ हे उत्तरही अपुरं ठरतं. बदलून देणं हे कर्तव्यच होतं. तारीख चुकली त्याचं वेगळं काहीतरी देणं लागतो. ते आत्याबाईंच्या वाक्यापर्यंत ताणायचं नाही, एवढंच.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा: द्या ना दहा टक्के, माणूस खूश होईल, चार कामं देईल. देऊन पाहू. आठ लाखांच्या कामात मजुरी, प्लाय, हार्डवेअर, रॅबिट उचलण्याचा टेम्पो हे सगळं वजा जाता बारा टक्के सुटतात असं धरलं तर ते 96,000 रुपये. त्यातले 80,000 दिले की अडीच महिन्यांच्या धावपळीचे 16,000 उरतात. आणि खूश झालेला माणूस चार कामं देतो म्हणजे काय, तर त्याच टॉवरमधल्या चार जणांना सांगतो की आपल्याला सात लाख वीस हजारांत पडलं. पुढच्या चौघांची बोलणी तिथूनच सुरू होतात. याहून कपटी असतो तो दहाटक्के यांचा समंजस तोडगा: ‘बिलात दाखवू नका, मी शेवटचा चेकच देत नाही, मिटलं!’ मिटलं काहीच नाही. बिल पूर्ण रकमेचं असेल तर न मिळालेल्या 80,000 वरचा 14,400 रुपये जीएसटी कॉन्ट्रॅक्टरने स्वतःच्या खिशातून भरायचा. जे कमी करायचं ते बिलात कमी करावं, किंवा बिल निघालं असेल तर सेवेतल्या त्रुटीसाठी रीतसर क्रेडिट नोट द्यावी. तशी सोय जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्ये आहे आणि तिला मुदतही आहे. प्रेमाने कापलेल्या चेकला अशी कुठलीच सोय नाही.

एका ठिकाणी मात्र मी मुकाट्याने दहाटक्के यांच्या बाजूला जाऊन बसेन. एकच वाईट अनुभव म्हणताना तो खरंच एकच आहे का, हे तपासायला हवं. शटर्सचा लॉट चुकला हा निष्काळजीपणा झाला आणि तो तिथेच संपतो. पण परत गेलेल्या शटरच्या कापलेल्या कडेवर, जिथे एज बँडिंग निघालं आहे, तिथे प्लायच्या थरांमध्ये पोकळ फटी दिसल्या, किंवा कोटेशनमध्ये आयएस 710 चा पाण्याला टिकणारा प्लाय लिहिलेला असताना उरलेल्या तुकड्यावर आयएस 303 चा शिक्का निघाला, तर शटर्स हे फक्त लक्षण आहे. मग सिंकखालचा सांगाडाही संशयित आणि दहा टक्के ही मागणी फारच नम्र. अशा वेळी सवलतीची भाषा करू नये. उघडून दाखवावं आणि बदलून द्यावं. दहाटक्के मात्र प्लायच्या तुकड्याकडे सहसा पाहत नाहीत. ते तुकडे वॉचमन चहासाठी घेऊन जातो.

तर आपल्या प्रकरणात उत्तर कसं असावं? रात्री पावणेबाराला नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी, लेखी, आणि चुकीपासून सुरुवात करून: ‘साहेब, चार शटर्सचा लॉट तपासण्यात आमची चूक झाली. वास्तुशांतीची तारीख आम्हाला माहीत होती आणि त्या दिवशी किचन अपुरं राहिलं, याबद्दल दिलगीर आहोत. बदलण्याचा सगळा खर्च आम्ही केला आहे. शिवाय कोटेशनमधल्या त्या चार शटर्सचे 14,000 रुपये आम्ही आकारणार नाही. त्यांची जीएसटीसह क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. आता देणं 66,000 अधिक जीएसटी 11,880, एकूण 77,880. बाकीच्या कामावर सवलत देता येणार नाही, कारण त्यात उणीव नाही. वर्षभरात एकदा येऊन सगळ्या बिजागऱ्या आणि चॅनेल जुळवून देऊ.’ इथे थांबावं. कारागीर गावाला गेला होता, व्हेंडरने फसवलं, पाऊस होता, यातलं काहीही लिहू नये. प्रत्येक सबब ही दहाटक्के यांना नवा मुद्दा पुरवते आणि मुद्द्यांची त्यांना मुळीच टंचाई नाही. ‘आपले संबंध राहावेत म्हणून’ असंही लिहू नये, कारण मग 14,000 ही भरपाई उरत नाही, पहिली बोली होते, आणि एपीएमसीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला पहिली बोली वाढवून मागणं आपसूक येतं.

दहाटक्के यांचं उत्तर दोन दिवस येत नाही. तिसऱ्या दिवशी येतं: ‘ओके. निदान राउंड फिगर करा, 77,000.’ त्यावर कॉन्ट्रॅक्टरने 77,880 चा आकडा पुन्हा पाठवावा, खाली बँकेचा तपशील. पैसे संध्याकाळी जमा होतात. त्यानंतर आठवड्याभरात चौदाव्या मजल्यावरच्या एका नव्या गृहस्थाचा फोन येतो. नंबर दहाटक्के यांनीच दिलेला असतो, भरभरून स्तुतीसह. ‘तुमचं काम उत्तम आहे असं ते म्हणाले,’ गृहस्थ सांगतात, ‘फक्त शेवटचा हप्ता वीस टक्के ठेवून घ्या म्हणाले.’